आटत चाललेले शोध आणि न आटणारा आकडा

फेब्रुवारी २०२० मध्ये उत्तर प्रदेशातल्या सोनभद्र जिल्ह्यात ३,३५० टन सोनं सापडल्याची बातमी देशभर झळकली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं लगेच खुलासा केला, पण तो फारसा कुणी वाचला नाही. सर्वेक्षणाच्या अंदाजात ५२,८०६ टन खडक होता आणि त्याच्या दर टनात सरासरी ३.०३ ग्रॅम सोनं होतं. गुणाकार केला तर हाती येतं १६० किलो. बातमीतला आकडा खऱ्या आकड्याच्या वीस हजार पटींहून मोठा होता.

याच्या नेमकी उलटी बातमीही दर वर्ष-दोन वर्षांनी येते. जगात आता वीसच वर्षं पुरेल एवढं सोनं उरलं आहे, म्हणून आत्ताच घेऊन ठेवा, असा तिचा सूर असतो. दोन्ही बातम्यांमागे एकच गैरसमज आहे. जमिनीखाली सोन्याचं एखादं मोजलेलं कोठार आहे, नवा शोध लागला की त्यात भर पडते आणि खाण चालली की ते रिकामं होतं, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. सोन्याचे साठे तसे मोजले जात नाहीत. सोन्याच्या पुरवठ्यात खरी अडचण आहे, ती गंभीरही आहे, पण ती त्या 'वीस वर्षां'च्या आकड्यात दिसत नाही. नवे मोठे शोध जवळजवळ थांबले आहेत आणि तरीही साठ्याचा आकडा भरलेला दिसतो. हे दोन्ही एकाच वेळी कसं घडतं ते समजलं, तर पुढच्या तीस वर्षांचा पुरवठा कसा असेल याचा बराच अंदाज बांधता येतो.

आधी 'वीस वर्षं' कुठून येतात ते पाहू. अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था जगातल्या साठ्यांचा वार्षिक आकडा देते. अलीकडे तो ६०,००० टनांच्या आसपास आहे. वर्षाला खाणींतून तीन-साडेतीन हजार टन सोनं निघतं. भागाकार केला की अठरा-वीस वर्षं येतात. पण १९९० च्या दशकाच्या मध्यावरही हा साठा ४५,००० टनांच्या आसपास होता, उत्पादन सव्वादोन हजार टनांच्या आसपास होतं आणि उत्तर वीसच वर्षं येत होतं. त्यानंतरच्या तीस वर्षांत जगानं ८०,००० टनांहून जास्त सोनं खणून काढलं. म्हणजे तेव्हाच्या साठ्याच्या जवळपास दुप्पट सोनं निघालं आणि साठा कमी व्हायच्या ऐवजी वाढला.

याचं कारण 'साठा' या शब्दात आहे. बोअर मारून, खडकाचा गाभा तपासून जमिनीखाली किती सोनं असावं याचा जो अंदाज बांधतात, तो संसाधनाचा आकडा. त्यातला जेवढा भाग आजच्या भावात, आजच्या खर्चात आणि आजच्या कायद्यात नफ्यानं काढता येईल असं आराखडा करून दाखवता येतं, तेवढाच साठा. म्हणून साठ्याची सीमारेषा खडकाइतकीच भावही ठरवतो. समजा एका खाणीत एक टन खडक फोडून, दळून, त्यावर प्रक्रिया करायला ५० डॉलर लागतात आणि खडकातलं ९० टक्के सोनं हाती येतं. सोन्याचा भाव औंसाला, म्हणजे ३१.१ ग्रॅमना, १,२०० डॉलर असेल तर खर्च भरून निघायला दर टनात किमान १.४४ ग्रॅम सोनं हवं. भाव २,४०० झाला की ०.७२ ग्रॅमसुद्धा चालतं. या किमान प्रतीला खाणीतली माणसं कटऑफ म्हणतात. काल ज्या खडकाचा टाकाऊ म्हणून बाजूला ढीग लावला होता, तो आज साठ्यात मोजला जातो. यात एकही नवा बोअर लागत नाही आणि एक ग्रॅमही नवं सोनं सापडलेलं नसतं.

गेल्या दोन दशकांत साठ्याचा आकडा टिकून राहिला तो मुख्यतः असा. काही भर जुन्या खाणींच्या आजूबाजूला आणि खाली बोअर मारून पडली, बरीचशी भाववाढीनं पडली. एस अँड पी ग्लोबल ही संस्था २० लाख औंसांहून, म्हणजे ६२ टनांहून मोठ्या शोधांची नोंद ठेवते. १९९० पासूनच्या तिच्या यादीत साडेतीनशेच्या आसपास ठेवी, म्हणजे सोनं साठलेल्या जागा, आहेत. त्यांतल्या बहुतेक १९९० च्या आणि २००० च्या दशकांतल्या आहेत आणि २०२० नंतरच्या हाताच्या बोटांवर मोजता येतील. इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. ठेव सापडल्यावर तिचा पूर्ण आकार कळायला सात-आठ वर्षं बोअर मारावे लागतात, त्यामुळे अलीकडचे शोध सुरुवातीला नेहमी लहान आणि कमी दिसतात. पुढे हे आकडे वाढतील. पण उतार इतका तीव्र आहे की त्या वाढीनं तो सपाट होईल असं वाटत नाही.

शोध का आटले याचं सोपं उत्तर म्हणजे वर दिसणारं सोनं संपलं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. १८८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडची सोनं असलेली गारगोट्यांची पट्टी सापडली ती जमिनीवर उघडी पडलेली होती. आपल्या कोलारमध्येही जुन्या लोकांनी खणलेले खड्डेच नव्या खाणकऱ्यांना वाट दाखवून गेले. असं डोळ्यांना दिसणारं सोनं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच बहुतेक शोधून झालं होतं. तरीही १९६० ते २००० या काळात शोधांची मोठी लाट आली. ती कशामुळे आली हे लक्षात घेतलं की ती ओसरली का, हेही कळतं.

१९६१ मध्ये नेवाडातल्या कार्लिन इथे न्यूमाँट कंपनीच्या भूवैज्ञानिकांनी असं सोनं शोधलं की ते पाटीत धुऊन दिसत नव्हतं आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसत नव्हतं. कण इतके बारीक होते की आधीच्या पिढ्या त्या टेकड्यांवरून चालत गेल्या आणि त्यांना काही कळलं नाही. १९७० च्या दशकात डॉलर आणि सोनं यांची सरकारी गाठ सुटली आणि भाव मोकळा झाला. खडकाचा ढीग रचून त्यावर सायनाइडचं पातळ द्रावण शिंपडायचं आणि खाली झिरपलेल्या पाण्यातून सोनं काढायचं, ही स्वस्त पद्धत रुळली. प्रयोगशाळा अब्जात एक भाग एवढं सोनं मोजू लागल्या, त्यामुळे ओढ्यातल्या काही किलो गाळावरून वरच्या डोंगरात काय आहे याचा अंदाज येऊ लागला. ही सगळी हत्यारं घेऊन लोक जुन्याच डोंगरांवर पुन्हा फिरले आणि आधी नजरेतून सुटलेलं सोनं एका पिढीत वेचून काढलं. पेरूतलं यानाकोचा, इंडोनेशियातलं ग्रासबर्ग ही त्या काळाची फळं. पण ही वेचणी एकदाच होणारी होती. त्यानंतर शोधाच्या तंत्रात बरीच सुधारणा झाली, तरी त्या तोडीची उडी झालेली नाही.

दुसरं कारण पैशाचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. २०१२ मध्ये जगभर सोन्याच्या शोधावर सुमारे १० अब्ज डॉलर खर्च झाले. हा आजवरचा उच्चांक होता, पण त्यातून त्या प्रमाणात नव्या ठेवी निघाल्या नाहीत. हा पैसा गेला कुठे ते पाहायला हवं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर शोधाच्या पैशांपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम कोऱ्या जमिनीवर, म्हणजे आधी काहीच सापडलेलं नाही अशा भागात खर्च होत होती. आता हा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास उरला आहे. बाकीचे पैसे चालू खाणींच्या शेजारी आणि आधीच माहीत असलेल्या ठेवींची कड तपासण्यात जातात. कंपनीच्या दृष्टीनं हे शहाणपणाचंच आहे. खाणीशेजारी बोअर मारला तर काहीतरी लागतंच, खडक दळणारी गिरणी तयार असते, परवाने असतात, पुढच्या वर्षीच्या अहवालात साठा वाढलेला दाखवता येतो. कोऱ्या जमिनीवर शंभरातल्या नव्व्याण्णव जागी काहीच निघत नाही आणि एका जागी निघालं तरी ते सोनं विकायला पंधरा-वीस वर्षं लागतात. तोवर निर्णय घेणारा अधिकारी कधीच निवृत्त झालेला असतो.

शोध आटण्यात भूगर्भाचा वाटा आहेच, पण पैशाच्या या वळणाचा वाटा त्याच्या बरोबरीचा आहे असं माझं ठाम मत आहे. कारण न शोधलेली जमीन भरपूर आहे. फक्त ती झाकलेली आहे.

झाकलेल्या जमिनीखाली शोध कसा लागतो आणि पुढे काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण इक्वेडोरमधल्या फ्रुता देल नोर्तेचं आहे. देशाच्या आग्नेय टोकाला, पेरूच्या सीमेवरच्या कोंडोर पर्वतरांगेत ही ठेव आहे. तिच्या वर सुमारे २०० मीटर जाडीचा गोट्यांचा खडक आहे. सोनं साठल्यानंतर नद्यांनी वाळू-गोटे आणून टाकले आणि सगळं गाडलं गेलं. त्यामुळे वर सोन्याचा माग जवळजवळ नव्हता. ऑरेलियन ही छोटी कॅनेडियन कंपनी आधी दक्षिणेकडच्या भागात बोअर मारत होती. तिथे सोनं होतं, पण बेताचं. २००६ मध्ये तिनं उत्तरेला सरकून त्या गोट्यांच्या खडकातून आरपार बोअर मारला आणि खाली शिरांचं जाळं लागलं.

ठेव सुमारे १,३०० मीटर लांब आणि दीडशे ते तीनशे मीटर रुंद आहे. ही मापं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. समजा हातात १०० चौरस किलोमीटरचा परवाना आहे आणि वर काहीच खूण नाही. दर ५०० मीटरवर एक बोअर मारायचा ठरवला तर ४०० बोअर लागतात. प्रत्येक ४०० मीटर खोल धरला तर १,६०,००० मीटर खोदाई झाली. मीटरला सगळा खर्च धरून ३०० डॉलर म्हटले तर हिशोब ४ कोटी ८० लाख डॉलरवर जातो. एवढं करून या आकाराच्या ठेवीवर चारशेपैकी सरासरी एक-दोनच बोअर पडतील. त्यातही शिरा सलग नसतात. एखादा बोअर ठेवीतून जाऊनही दोन शिरांच्या मधल्या भाकड खडकातून निघून जाऊ शकतो. म्हणून असा आंधळा जाळीदार शोध कुणी घेत नाही. आर्सेनिक, अँटिमनी यांसारखी सोन्याच्या सोबतीनं फिरणारी मूलद्रव्यं मातीत कुठे किंचित वाढली आहेत, खडकातली चिकणमातीची खनिजं कशी बदलली आहेत, जुने भ्रंश कुठून जातात, हे सगळं जोडून दहा-वीस जागा ठरवतात. आणि तरीही प्रत्येक बोअरचे पहिले २०० मीटर नुसत्या आच्छादनातून जायला खर्च होतात.

२००७ मध्ये ऑरेलियननं पहिला अंदाज जाहीर केला. ५ कोटी ८९ लाख टन खडक, टनाला ७.२३ ग्रॅम, म्हणजे सुमारे ४२६ टन सोनं. हा अंदाज 'अनुमानित' या सगळ्यात कच्च्या वर्गातला होता, म्हणजे बोअर एकमेकांपासून लांब होते आणि मधलं अंतर गणितानं भरलेलं होतं. २००८ मध्ये देशात नव्या खाण कायद्यासाठी सगळं शोधकाम थांबवण्यात आलं. त्याच वर्षी किनरॉस या मोठ्या कंपनीनं सुमारे १.२ अब्ज कॅनेडियन डॉलर मोजून ऑरेलियन विकत घेतली. मग करार अडला. सरकार अतिरिक्त नफ्यावर ७० टक्के कर मागत होतं. २०१३ मध्ये किनरॉसनं हात वर केले आणि २०१४ च्या अखेरीस ही ठेव लुंडिन गटाला २४ कोटी अमेरिकन डॉलरमध्ये विकली.

लुंडिननं बांधकाम करायचं ठरवलं तेव्हा साठ्याचा आकडा होता १ कोटी ५५ लाख टन खडक, टनाला ९.६७ ग्रॅम, म्हणजे सुमारे १५० टन सोनं. ४२६ टनांतले २७६ टन गेले कुठे? ते तिथेच होते. पण भूमिगत खाणीत पोकळी खोदायची, ती पुन्हा भरायची, छत आवरायचं, यात टनामागचा खर्च मोठा असतो, म्हणून कटऑफ वर जातं आणि कडेचा पातळ खडक वगळावा लागतो. शिवाय कच्च्या वर्गातला खडक नियमानं साठ्यात धरताच येत नाही. त्याचे बोअर आधी दाट करावे लागतात. 'शोध' आणि 'साठा' यांत एक-तृतीयांश उरणं हे विशेष नाही, बऱ्याच ठेवींची गोष्ट अशीच आहे. चीनच्या हुनान प्रांतात २०२४ मध्ये जाहीर झालेल्या 'हजार टनां'च्या ठेवीची बातमीही याच नजरेनं वाचावी. तिथेही २,००० मीटर खोलीपर्यंत मोजलेलं सोनं ३०० टन होतं आणि हजारचा आकडा ३,००० मीटरपर्यंतचा वर्तवलेला होता.

फ्रुता देल नोर्तेतून पहिलं सोनं नोव्हेंबर २०१९ मध्ये निघालं. शोधापासून तेरा वर्षं लागली, आणि ही गेल्या पाव शतकातली सगळ्यात समृद्ध ठेवींपैकी एक. टनाला एक-दीड ग्रॅमच्या ठेवीला कुणी इतका धीर दाखवत नाही. पुढे खाण चालू झाल्यावर शेजारी बोअर मारून तिचा साठा वाढवण्यात आला आणि वर्षाला चौदा-पंधरा टन सोनं काढूनही तो आजवर टिकून आहे. पण ही सगळी भर २००६ च्या एका शोधाच्या जोरावर आहे.

आता या सगळ्याचा पुढच्या पुरवठ्याशी संबंध जोडू. एक गोष्ट इथे बहुतेकांना उलटी वाटेल. वर्ल्ड गोल्ड कौन्सिलच्या आकड्यांप्रमाणे २०१८ मध्ये जगातल्या खाणींतून ३,६५० टनांच्या आसपास सोनं निघालं. तेव्हा वर्षाचा सरासरी भाव औंसाला १,२७० डॉलरच्या आसपास होता. २०२४ मध्ये सरासरी भाव २,३८६ डॉलर होता आणि उत्पादन पुन्हा ३,६५० टनांच्याच आसपास. भाव जवळपास दुप्पट झाला, पुरवठा हलला नाही. कांद्याच्या बाबतीत असं होत नाही. भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते.

यामागे गिरणी आहे. खाणीत खडक दळणाऱ्या गिरणीची क्षमता ठरलेली असते. दिवसाला १०,००० टन दळणारी गिरणी घ्या. टनाला १.५ ग्रॅमचा खडक घातला आणि ९० टक्के सोनं मिळालं तर दिवसाला १३.५ किलो सोनं निघतं. भाव वाढला, कटऑफ खाली आलं, आता १.१ ग्रॅमचा खडकही परवडतो. खाणीचं आयुष्य वाढावं म्हणून व्यवस्थापन गिरणीत तोच खडक घालायला लागतं. गिरणी तेवढीच फिरते, वीज तेवढीच जळते आणि सोनं निघतं ९.९ किलो. म्हणजे भाववाढीचा पहिला परिणाम कधी कधी उत्पादन घटण्यात होतो. कागदावरचा साठा वाढतो, खाणीचं आयुष्य दहाची पंधरा वर्षं होतं आणि दरवर्षीचं सोनं कमी होतं. उत्पादन खरोखर वाढवायचं तर नवी गिरणी हवी. नवी गिरणी भरायला नवी मोठी ठेव हवी. आणि ती सापडलेलीच नाही.

प्रत उतरते तसा खडकाचा डोंगर वाढतो. टनाला एक ग्रॅमच्या उघड्या खाणीत १० ग्रॅम सोन्यासाठी साधारण ११ टन खडक दळावा लागतो. त्यापर्यंत पोहोचायला दर टनामागे तीन टन निरुपयोगी खडक बाजूला करावा लागत असेल, तर एकूण ४४ टन हलवावा लागतो. आपल्याकडचे तीन दहाचाकी टिपर भरतील एवढा. पिठासारखं दळायला टनामागे १५ ते २० युनिट वीज जाते. शिवाय खाण जशी खोल जाते तसा वरचा गंजलेला, सोपा खडक संपतो आणि खालचा गंधकयुक्त खडक लागतो. त्यात सोनं लोह-गंधकाच्या स्फटिकांत कोंडलेलं असतं आणि सायनाइड त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. कार्लिनच्या पट्ट्यात हेच झालं. आधी भट्टीत भाजून किंवा दाबाखालच्या पात्रात ऑक्सिजननं फोडून मगच ते सोनं निघतं. हे ओळखायची खूण साधी आहे. चाचणीत खडकात ३ ग्रॅम दिसतात आणि सायनाइडच्या बाटलीत हलवल्यावर एकच ग्रॅम सुटतो. शोधाच्या बातमीत ग्रॅमचा आकडा असतो, ही दुसरी चाचणी क्वचितच असते.

साठा संपणं म्हणजे जमिनीतलं सोनं संपणं, असंही प्रत्यक्षात होत नाही. दक्षिण आफ्रिकेनं १९७० मध्ये एका वर्षात सुमारे १,००० टन सोनं काढलं. आज तो देश शंभरेक टनांवर आहे. विटवॉटर्सरँडच्या पट्टीत सोनं अजून आहे, पण ते चार किलोमीटर खाली आहे. तिथे खडकच साठ अंश सेल्सियसहून तापलेला असतो आणि खाली बर्फाचा लगदा पाठवून हवा थंड ठेवावी लागते. कोलार २००१ मध्ये बंद झालं तेव्हा चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली होती. सव्वाशे वर्षांत तिथून सुमारे ८०० टन सोनं निघालं. शेवटी टनाला मिळणारं सोनं खर्चाच्या खाली गेलं आणि पंप बंद झाले. सोनं खालीच राहिलं, साठा मात्र शून्य झाला.

म्हणून पुढचं चित्र मला असं दिसतं. अचानक तुटवडा येणार नाही. उत्पादन काही वर्षं आजच्या पातळीवर रेंगाळेल आणि भाव चढा राहिला तर थोडं वरही जाईल. मग १९९० आणि २००० च्या दशकांतल्या शोधांवर उभ्या असलेल्या खाणी एकेक करून थकतील आणि त्यांची जागा घ्यायला पुरेशा नव्या खाणी नसतील. शोधापासून खाणीपर्यंत पंधरा-वीस वर्षं लागतात, त्यामुळे २०१० नंतरच्या कोरड्या वर्षांचा परिणाम २०३० च्या दशकात दिसायला लागेल. आज शोधावर दुप्पट पैसा ओतला तरी तो खड्डा भरणार नाही. त्याच्या पुढचा भरेल.

याचा अर्थ सोनं महागणारच, असा निष्कर्ष मात्र काढू नये. आजवर खणलेलं जवळजवळ सगळं सोनं, २ लाख १० हजार टनांहून जास्त, अजून कुणाच्या तरी तिजोरीत, गळ्यात किंवा बँकेत आहे. खाणी त्यात दरवर्षी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भर घालतात. खाणींचं उत्पादन एक-तृतीयांशानं घसरलं तरी ती भर एक टक्क्याहून जास्तच राहील. तेल जाळलं की संपतं, सोनं हात बदलतं. त्यामुळे भाव ठरतो तो मुख्यतः आधीचं सोनं धरून बसलेल्यांच्या मनावर. खाणी आटल्या की जुन्या दागिन्यांच्या वितळणीचं महत्त्व वाढेल. आजच ती वर्षाला बाराशे ते चौदाशे टन सोनं बाजारात आणते. 'सोनं संपणार आहे' म्हणून लग्नाच्या दहा वर्षं आधी कर्ज काढून सोनं घेणाऱ्याला हा हिशोब कुणीतरी सांगायला हवा.

भारताला हा प्रश्न वेगळ्या बाजूनं भिडतो. आपण वर्षाला ८०० टनांच्या आसपास सोनं घेतो आणि आपल्या खाणी, त्यात मुख्य रायचूर जिल्ह्यातली हट्टी, मिळून दोन टनांच्या आत-बाहेर देतात. हे प्रमाण शोधांनी पालटणार नाही, ते कबूल करूनच बोलावं. तरी शोध घ्यायला हवा आणि तो झाकलेल्या जमिनीत घ्यायला हवा. दक्षिणेतलं सोनं ज्या धारवाडी खडकांत आहे ते उत्तरेकडे येत येत दख्खनच्या काळ्या बसाल्टखाली जातात. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग या बसाल्टनं झाकलेला आहे. त्याखाली सोनं आहे असं कुणीही म्हणू नये. पण खाली काय आहे हे आपल्याला किती कमी ठिकाणी माहीत आहे ते पाहा. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर मारलेल्या बोअरमध्ये ३३८ मीटरवर बसाल्ट संपला आणि प्राचीन खडक लागला. कोयनेला तो ९३२ मीटरवर लागला. हे दोन्ही बोअर भूकंप समजून घ्यायला मारले होते. फ्रुता देल नोर्तेवरचं आच्छादन २०० मीटर होतं, हे शेजारी ठेवून पाहिलं तर बसाल्टच्या पातळ कडेचा, म्हणजे बेळगाव-विजापूरकडचा आणि विदर्भातला पट्टा हा निदान विचारात घ्यावा इतका उथळ आहे. नागपूर-भंडाऱ्याकडच्या उघड्या जुन्या खडकांत सोन्याच्या खुणा सर्वेक्षणाला आधीच मिळालेल्या आहेत. आच्छादनाखालच्या चुंबकीय आणि गुरुत्वीय नकाशांवर आणि दर काही किलोमीटरवर एका पायाभूत बोअरवर सरकारनं पैसा घालावा आणि त्याचे गाभे व आकडे सर्वांना खुले करावेत. हे काम कुठलीही कंपनी स्वतःच्या पैशानं करणार नाही, कारण त्याचा फायदा शेजाऱ्यालाही मिळतो.

खासगी शोधाबाबत आपण २०१५ मध्ये मोठी चूक केली. तोवर शोध घेणाऱ्याला पुढे खाणपट्टा मिळण्याचा हक्क होता. लिलावाची पद्धत आली तेव्हा हा हक्क गेला. वशिल्यानं पट्टे वाटले जात होते म्हणून लिलाव आणला, हेतू योग्यच होता. पण लोखंडाच्या दिसणाऱ्या डोंगराला जो नियम शोभतो तो अदृश्य सोन्याला लावला गेला. सापडलेलं दुसऱ्याला लिलावात जाणार असेल तर ४०० मीटर खोल बोअर कोण मारेल? २०२३ च्या दुरुस्तीनं शोध परवाना आणला. सोन्यासह २९ खनिजांसाठी एक हजार चौरस किलोमीटरपर्यंत क्षेत्र, पाच वर्षं आणि वर दोन वर्षांची वाढ अशी त्याची रचना आहे. अशा परवान्यांचा पहिला लिलाव मार्च २०२५ मध्ये गोव्यात जाहीर झाला.

हे पाऊल योग्य दिशेचं आहे, पण त्यात एक गाठ तशीच आहे. शोधणाऱ्याला बक्षीस मिळतं ते पुढे खाणपट्टा घेणारा सरकारला जे अधिमूल्य, म्हणजे लिलावात कबूल केलेली जादा रक्कम, देईल त्यातला वाटा म्हणून. म्हणजे ठेव सापडली, तिचा लिलाव झाला, दुसऱ्या कंपनीनं खाण बांधली, परवाने मिळाले, सोनं निघालं, मग पैसे. फ्रुता देल नोर्तेच्या कालपटावर हे मोजलं तर २००६ मध्ये बोअर मारणाऱ्याला पहिला रुपया २०२० मध्ये दिसला असता. शिवाय परवान्याचा लिलाव उलटा आहे, जो सगळ्यात कमी वाटा मागेल त्याला क्षेत्र मिळतं, त्यामुळे जिंकणारा आधीच स्वतःचं बक्षीस कापून घेतो. चारशे बोअरांतून एकच लागणाऱ्या धंद्यात छोटी शोधकंपनी तेवढी वर्षं तग धरत नाही. पुढच्या दुरुस्तीत निदान एवढं व्हावं की संसाधन नियमाप्रमाणे सिद्ध झाल्याच्या दिवशी शोधणाऱ्याला केलेल्या खोदाईच्या ठरावीक पटीत रोख रक्कम मिळावी, आणि ती रक्कम नंतर खाणपट्टा घेणाऱ्याकडून लिलावाच्या पहिल्याच हप्त्यात वसूल करावी.